प्रवाह खर्च होतो का?

घटातून निघालेला विद्युतप्रवाह पहिल्या बल्बात थोडा, दुसऱ्यात थोडा असा संपत जातो, असे पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते. ही समजूत तपासण्याचे साधन 1820 साली हाती आले. प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची वळते, असे कोपनहेगनच्या ओरस्टेडने त्या वर्षी जाहीर केले. पॅरिसमध्ये आंपेअरने लगेच मंडलात ठिकठिकाणी सूची धरून पाहिली. खुद्द व्होल्टाच्या घटमालेजवळही ती वळली. याचा अर्थ, प्रवाह घटमालेतूनही वाहतो आणि पूर्ण फेरी करतो. या उपकरणाला आंपेअरने गॅल्व्हानोमीटर हे नाव दिले.

हे वर्गात करून पाहता येते. दोन सेल आणि दोन सारखे बल्ब एकसर जोडा. लहान होकायंत्राभोवती वेष्टित तारेचे दहा वेढे गुंडाळा. वेढे सूचीला समांतर असावेत आणि सेल दूर ठेवावेत. ही गुंडाळी पहिल्या बल्बाआधी, दोन्ही बल्बांच्या मध्ये आणि दुसऱ्या बल्बानंतर अशी आळीपाळीने जोडा. सूची तिन्ही वेळा सारखीच वळते.

एखादा बल्ब मंद दिसला तर मुले म्हणतील, ‘पाहा, प्रवाह कमी झाला!’ अशा वेळी बल्बांची अदलाबदल करा. तोच बल्ब नव्या जागीही मंद राहिला, तर फरक त्याच्या तंतूत आहे.

मग सेल का संपतो? त्यातील रासायनिक ऊर्जा बल्बातून प्रकाश व उष्णता होऊन बाहेर पडते. प्रवाह मात्र एका टोकाने जेवढा निघतो, तेवढाच दुसऱ्या टोकाला परत येतो.