होल्ड संदेश, दिवाळीचा

ग्राहकसेवा क्रमांकावर प्रतिनिधी मोकळा होईपर्यंत रांगेतल्या माणसाला ऐकवली जाणारी, सणापुरती लावलेली ध्वनिमुद्रित सूचना. तिच्यात शुभेच्छा, रांगेची स्थिती, सवलत आणि सणातल्या कामाच्या वेळा येतात.

पूर्वपीठिका. होल्डवर संगीत ऐकवण्याच्या यंत्रणेचे अमेरिकी पेटंट आल्फ्रेड लेव्ही यांना १९६६ मध्ये मिळाले. त्यांच्या कारखान्यातली एक सुटी तार इमारतीच्या पोलादी तुळईला टेकली आणि शेजारच्या रेडिओ केंद्राचे कार्यक्रम फोनवर ऐकू येऊ लागले, अशी त्यामागची हकीकत सांगतात.

नमुना. घरगुती यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या एका काल्पनिक सेवेसाठी २०२५ च्या दिवाळीचा मजकूर असा होईल:

«नमस्कार. दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा! आमचे प्रतिनिधी सध्या दुसऱ्या ग्राहकांशी बोलत आहेत. आपला कॉल रांगेत आहे, कृपया फोन ठेवू नका. दिवाळीनिमित्त वार्षिक देखभाल करारावर पंधरा टक्के सवलत आहे. ही सवलत बुधवार, बावीस ऑक्टोबर, म्हणजे पाडव्याच्या रात्रीपर्यंत मिळेल. ती फक्त घरगुती वापराच्या यंत्रांसाठी आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, एकवीस ऑक्टोबरला, दुपारी दोननंतर ही सेवा बंद राहील.»

हे ५२ शब्द आहेत. सेकंदाला दोन शब्द या सावकाश गतीने ते सुमारे २६ सेकंदांत वाचून होतात. रांगेची माहिती सवलतीच्या आधी येते, कारण फोन करणाऱ्याला सर्वांत आधी आपला कॉल लागला आहे की नाही हे कळायला हवे. अंक अक्षरांत लिहिलेले आहेत, म्हणजे वाचणारा अडखळत नाही.

तारीख. सवलतीची मुदत नुसत्या तिथीने सांगू नये. २०२५ मध्ये अमावास्या दोन दिवसांत विभागली गेल्याने लक्ष्मीपूजन महाराष्ट्रातल्या बहुतेक पंचांगांनी २१ ऑक्टोबरला दिले होते, तर उत्तर भारतात अनेक ठिकाणी ते २० ला झाले. ‘लक्ष्मीपूजनापर्यंत’ एवढेच म्हटले असते, तर एकाच सवलतीची मुदत दोन घरांत दोन दिवशी संपली असती. म्हणून नमुन्यात वार, तारीख आणि सणाचा दिवस असे तिन्ही दिले आहेत. ऐकताना एक निसटले तरी दुसऱ्यावरून उलगडा होतो.

उच्चार. नेहमीच्या टेलिफोन वाहिनीवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो. स, श, फ या वर्णांची ओळख पटवणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो, त्यामुळे ते एकमेकांत मिसळतात. ‘सहा’ आणि ‘दहा’, ‘सात’ आणि ‘साठ’ या जोड्यांतही गफलत होते. सवलतीचा आकडा असा असेल तर तो वाक्यात पुन्हा एकदा, वेगळ्या रीतीने सांगावा. उदाहरणार्थ ‘सात टक्के, म्हणजे शंभर रुपयांमागे सात रुपये’. ध्वनिमुद्रण झाल्यावर ते स्टुडिओच्या स्पीकरवर तपासून पुरत नाही. रहदारीच्या रस्त्यावरून साध्या मोबाइलने कॉल लावून ऐकावे आणि ज्याने मजकूर पाहिलेला नाही, अशा माणसाला सवलत आणि तारीख लिहून द्यायला सांगावी.

संगीत. मोबाइलचे ध्वनिसंकोचन मानवी आवाजासाठी घडवलेले आहे. सनई-चौघड्याचा दाट मेळ त्यात फाटतो, फटाक्यांचा आवाज नुसता खरखरतो. मध्यम सप्तकात वाजणारी एकटी बासरी किंवा संतूर त्यामानाने बरे टिकते. निवेदनाखाली संगीत न ठेवणे उत्तम.

पुनरावृत्ती. इथे सर्वाधिक चुका होतात. संदेश लागोपाठ फिरत राहिला, तर चार मिनिटांच्या प्रतीक्षेत हीच सवलत आठ-नऊ वेळा कानांवर येते. शिवाय दर वेळी ‘नमस्कार’ ऐकून माणूस आला असे वाटते. ग्राहक फोन कानाला लावून बोलू लागतो आणि फसतो. म्हणून नमस्कार, शुभेच्छा आणि सवलत फक्त पहिल्या वेळी द्यावी. पुढे दीड-दोन मिनिटांनी संगीतात खंड पाडून ‘आपला कॉल अजून रांगेत आहे’ एवढेच सांगावे. तक्रारींच्या रांगेत सवलत द्यावी की नाही यावर मतभेद आहेत. बंद पडलेल्या फ्रिजसाठी फोन करणाऱ्याला ती न ऐकवण्याकडे बऱ्याच जणांचा कल असतो.

कायदा. जुन्या संगीतरचनेवरचा हक्क संपला असला, तरी तिच्या ध्वनिमुद्रणावर भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षे स्वतंत्र हक्क राहतो, म्हणून परवानगी लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अटी दाव्याच्याच भाषेत द्याव्या लागतात. मराठीत सवलत जाहीर करून अटी इंग्रजीत वाचणे त्यात बसत नाही.

समाप्ती. मुदत संपण्याची वेळ यंत्रणेत आधीच भरावी. तसे न केल्यास पाडव्यानंतरही प्रतिनिधींना संपलेल्या सवलतीची विचारणा होत राहते.