माशीला शंभर मेणबत्त्या दिसतात का?

संयुक्त नेत्र शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो: माशीला एकाच वस्तूची शेकडो चित्रं दिसतात का? पुष्कळ पुस्तकांत आणि सिनेमांत तसंच दाखवलेलं असतं. प्रश्न आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे, आणि त्याचं उत्तर मिळायला पावणेतीनशे वर्षं लागली.

सुरुवात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी झाली. १६९० च्या दशकात अँटनी लेवेनहूकने एका कीटकाच्या डोळ्यावरचा पारदर्शक पापुद्रा सोलून, स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि समोर मेणबत्ती धरली. त्याला एक नव्हे, शेकडो ज्योती दिसल्या. प्रत्येक ज्योत इवलीशी आणि उलटी होती. निरीक्षण अगदी बरोबर होतं. पापुद्र्यावरचा प्रत्येक षट्कोनी कप्पा म्हणजे एक भिंग असतं आणि भिंग प्रतिमा तयार करणारच. पण 'प्रतिमा तयार होते' म्हणजे 'माशीला ती दिसते' असं आहे का?

१८२६ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर याने 'नाही' असं म्हटलं. प्रत्येक भिंगाखाली एक लांबट नळीसारखा भाग असतो. त्याला आपण नेत्रिका म्हणतो. दोन नेत्रिकांमध्ये गडद रंगद्रव्याचा पडदा असतो, त्यामुळे प्रत्येकीत फक्त तिच्या समोरचा उजेड शिरतो. म्यूलरच्या मते एक नेत्रिका म्हणजे चित्राचा एक ठिपका. असे ठिपके शेजारी शेजारी मांडले की एकच सरळ चित्र तयार होतं, जसं फरशीच्या तुकड्यांतून नक्षीचं होतं.

वर्गात हे सहज करून पाहता येतं. सरबताच्या काळ्या नळ्यांची जुडी बांधून एका टोकाला ट्रेसिंग पेपर लावायचा आणि दुसरं टोक उजेड असलेल्या खिडकीकडे धरायचं (सूर्याकडे कधीही नाही). कागदावर प्रत्येक नळीचा एकेक उजळ किंवा अंधारा ठिपका दिसतो.

मग लेवेनहूकच्या ज्योतींचं काय? १८५२ मध्ये गॉत्शेने त्या पुन्हा पाहिल्या आणि म्यूलरच्या मताविषयी शंका निर्माण झाली. ग्रेनाखर (१८७९) आणि एक्स्नर (१८९१) यांनी वाद मिटवला. भिंगामागे प्रतिमा पडते खरी, पण ती वाचणारा दांडा एकच असेल तर तिच्यातला सगळा उजेड एकत्र मोजला जातो. प्रतिमेतले बारकावे तिथेच हरवतात.

मात्र माशीत एक गाठ शिल्लक होती. तिच्या प्रत्येक नेत्रिकेत आठ प्रकाशसंवेदी पेशी असतात. त्यांचे दांडे एकत्र जुळलेले नसतात, तर सात सुट्या टोकांनी भिंगामागे उभे असतात. म्हणजे ही माशी प्रतिमेतले सात ठिपके वेगवेगळे वाचते! १९६७ मध्ये कुनो किर्शफेल्डने ही गाठ सोडवली. एका नेत्रिकेतल्या सात टोकांच्या दिशा वेगवेगळ्या असतात, पण शेजारच्या सहा नेत्रिकांतली एकेक बाहेरची पेशी अगदी एकाच दिशेला पाहते. अशा सहा पेशींच्या तारा डोळ्यामागे एकाच गाठीत जुळतात. चित्र धूसर न होता सहापट उजेडाचा फायदा मिळतो. तेव्हा अखेर चित्र एकच, म्यूलरने म्हटल्याप्रमाणे ठिपक्यांचं.

डासाने वेगळी वाट धरली. त्याचे दांडे एकमेकांना चिकटलेले असतात. १९९७ मध्ये मायकेल लँड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रात्री उडणाऱ्या डासांत दांडा शंकूसारखा रुंद असतो आणि रुंद भिंगातून आलेला बराचसा उजेड तो गोळा करतो. त्याबदल्यात ठिपका मोठा होतो आणि चित्र आणखी ढोबळ होतं. अंधारात बारकाव्यांपेक्षा उजेड महत्त्वाचा.

माशीचं चित्रही ढोबळच. हात लांब करून अंगठा धरला तर तो साधारण दोन अंशांचा कोन व्यापतो. घरमाशीचा एक ठिपका जवळपास तेवढाच. तरी आपला हात तिच्यावर पडत नाही, कारण तिचा डोळा वेगवान आहे. आपल्याला सेकंदाला साठेक लुकलुकींपलीकडे उजेड सलग वाटतो. घरमाशीला दोनशेहून अधिक लुकलुकी वेगळ्या कळतात. चोकवाली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याला ती सलग दिसते, माशीला नाही.

हालचालीची दिशा कशी कळते, याचा नमुना हासेनश्टाइन आणि रायखार्ट यांनी १९५६ मध्ये भुंग्यावरच्या प्रयोगांतून मांडला. शेजारच्या दोन ठिपक्यांपैकी पहिल्याचा संदेश जरा थांबवून दुसऱ्याच्या संदेशाशी जुळवायचा. वस्तू पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेली तर दोन्ही एकदम पोचतात, उलट गेली तर चुकामूक होते. यासाठी रेखीव चित्र लागतच नाही, शेजारी दोन ठिपके पुरतात.

लेवेनहूकने ज्योती खऱ्याच पाहिल्या होत्या. फक्त त्या पाहणारा डोळा त्याचा स्वतःचा होता, माशीचा नव्हे.