ह्रस्वपंक्ती कविता

एका ओळीत एकदोन शब्द, क्वचित एकच शब्द ठेवून रचलेली कविता. लघुकविता आणि ह्रस्वपंक्ती कविता या एकच नव्हेत. दीर्घ कविताही अशा तोकड्या ओळींत लिहिता येते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ज्यूझेप्पे ऊंगारेत्ती (१८८८–१९७०) या इटालियन कवीने या रचनेचा जो उपयोग केला, त्यावरून तिचे स्वरूप विशेष स्पष्ट होते.

ऊंगारेत्तीचा जन्म ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथला. १९१२ मध्ये तो पॅरिसला गेला. तेथे त्याचा आपॉलिनेर या कवीशी स्नेह जडला. आपॉलिनेरने १९१३ च्या आपल्या संग्रहातून विरामचिन्हे पूर्णपणे काढून टाकली होती. १९१५ मध्ये इटली युद्धात उतरल्यावर ऊंगारेत्ती साधा सैनिक म्हणून कार्सोच्या खडकाळ आघाडीवर गेला. खंदकात मिळेल त्या कागदावर त्याने लिहिलेल्या कविता एत्तोरे सेर्रा या तरुण अधिकाऱ्याने १९१६ मध्ये ऊदीने येथे छापवून घेतल्या. इल पोर्तो सेपोल्तो (म. शी. बुडालेले बंदर) या त्या पुस्तकाच्या अवघ्या ८० प्रती निघाल्या. बहुतेक कवितांखाली स्थळ आणि दिनांक आहे.

कागद तोकडा म्हणून ओळी तोकड्या, असे स्पष्टीकरण कधीकधी दिले जाते. ते आकर्षक असले, तरी पुरेसे नाही. युद्धानंतर भरपूर कागद हाताशी असतानाही कवी या रचना पुनःपुन्हा तासत राहिला आणि ओळींचा तोकडेपणा त्याने सोडला नाही. ‘मात्तीना’ (सकाळ) ही जानेवारी १९१७ मधील कविता आज दोन ओळींची, एकूण सात अक्षरांची आहे. मूळ खर्ड्यात दृष्टीच्या हालचालीविषयीचे आणखी शब्द होते, ते गळाले.

ओळ तोडण्याचा परिणाम ‘सोल्दाती’ (सैनिक) या कवितेत नेमका पाहता येतो. जुलै १९१८ मध्ये फ्रान्समधील आघाडीवर लिहिलेल्या या कवितेत चार ओळी व एकच वाक्य आहे. शरद ऋतूत झाडावर पाने असतात, तसे असणे, एवढाच तिचा आशय. सैनिक हा शब्द फक्त शीर्षकात येतो; वाक्यातील क्रियापदाला व्यक्त कर्ता नाही. ओळींची अक्षरसंख्या अनुक्रमे चार, तीन, चार, तीन अशी आहे. दोन-दोन ओळी जोडल्या, तर सात अक्षरांचे दोन चरण होतात. सप्ताक्षरी चरण इटालियन काव्यात जुना आणि गेय आहे. म्हणजे ही रचना वाटते तितकी छंदमुक्त नाही. परिचित छंद मोडून ती उभी केलेली आहे.

जोडून वाचताना कविता गाण्याच्या संथ झोक्याने सरकते आणि उपमा सुखद वाटते. तोडून छापली की पहिली ओळ साधर्म्यवाचक शब्दावरच संपते. व्याकरणाने तेथे यती अपेक्षित नाही, तरी कोऱ्या जागेमुळे वाचकाला थांबावे लागते आणि कशासारखे, हा प्रश्न अधांतरी राहतो. पुढच्या ओळीत केवळ ऋतू येतो, तिसरीत झाडे. उपमान असलेली पाने अगदी शेवटी येतात. डोळा अरुंद मजकुरावरून झरझर खाली उतरतो, पण आवाज प्रत्येक ओळीच्या टोकाशी अडतो. वेग आणि विलंब एकाच वेळी अनुभवास येतात. गद्यात सहज निसटून गेला असता असा शब्द एकटा पडल्याने जड होतो. शेवटचा शब्द तर देठाने लोंबत राहावा तसा राहतो. ऋतू आधी कळलेला असल्याने पाने दिसताक्षणीच त्यांचे गळणेही समजते, आणि शीर्षकाकडे परत जावे लागते. गळण्याचा उल्लेख मात्र कवितेत कोठेही नाही.

या रचनेतील दोष ओळखण्याची रीतही यातच आहे. ओळी जोडून वाचल्यावर काहीच हरवत नसेल, तर ते केवळ चिरफाळलेले गद्य होय. त्यानंतर अशी कविता पुष्कळ लिहिली गेली आणि तीत हा दोष वारंवार आढळतो. शिवाय दीर्घ कवितेत प्रत्येक शब्द सारखाच जड झाला, तर कोणताच जड राहत नाही. ‘ई फ्यूमी’ (नद्या, ऑगस्ट १९१६) या मोठ्या कवितेत ऊंगारेत्तीने हा धोका टाळला आहे. इझोंत्सो, सेर्क्यो, नाईल आणि सेन या आपल्या आयुष्यातील नद्यांची गणना तो तीत करतो. प्रत्येक नदीपाशी वाक्य नव्याने सुरू होत असल्याने वाचकाला विसाव्याची ठिकाणे मिळतात.

१९३३ च्या सेंतिमेंतो देल तेंपो (म. शी. काळाची जाणीव) या संग्रहात ऊंगारेत्ती विरामचिन्हांकडे आणि अकरा अक्षरांच्या पारंपरिक चरणाकडे वळला.