दमा आणि सीओपीडी : तुलना

श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणे हे दमा आणि सीओपीडी (दीर्घकालीन श्वसनमार्गरोधी फुप्फुसविकार) या दोन्ही विकारांचे समान लक्षण आहे. दमा बहुधा बालपणी किंवा तारुण्यात सुरू होतो. सीओपीडी सहसा चाळिशीनंतर, अनेक वर्षे विडी-सिगारेटचा किंवा चुलीचा धूर फुप्फुसांत गेल्यावर दिसतो.

दम्यातील दाहात प्रामुख्याने इओसिनोफिल पेशी असतात. म्हणून श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडने तो बहुधा आटोक्यात येतो. श्वासनलिकेचा स्नायू व आधारपटल जाड होतात, पण वायुकोश शाबूत राहतात. सीओपीडीत न्यूट्रोफिल व भक्षक पेशींचा दाह प्रबळ असतो. त्यात लहान श्वासनलिकांत व्रणऊती साठते, वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात आणि आधार गेलेल्या नलिका उच्छ्वासाच्या वेळी मिटतात.

हा फरक स्पायरोमेट्रीत दिसतो. सालब्युटामॉल देऊन सुमारे १५ मिनिटांनी पहिल्या सेकंदातील उच्छ्वास पुन्हा मोजतात. तो १.५० लिटरवरून १.९५ लिटर झाला, तर वाढ ४५० मिलिलिटर, म्हणजे ३० टक्के होते. ही वाढ १२ टक्के व २०० मिलिलिटर या प्रचलित निकषांहून अधिक असल्याने दम्याकडे निर्देश करते. १.२० वरून १.२८ लिटर ही वाढ अपुरी ठरते. औषधानंतरही पहिल्या सेकंदातील उच्छ्वासाचे एकूण उच्छ्वासाशी गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी राहिल्यास सीओपीडीचा संशय बळावतो.

मात्र जुनाट दम्यात अडथळा कायम होऊ शकतो व काही सीओपीडी रुग्णांतही सुधारणा दिसते. त्यामुळे निदान एकाच चाचणीवर ठरत नाही.