समांतर रेषा व त्रिकोण यांतील अज्ञात कोन

समांतर रेषा व त्रिकोण यांतील अज्ञात कोन शोधणे म्हणजे आकृतीत दिलेल्या काही कोनांच्या मापांवरून उरलेल्या कोनांची मापे तर्काने काढणे आणि प्रत्येक मापापुढे त्याचे कारण लिहिणे होय. शालेय भूमितीत कारण हा उत्तराचाच भाग मानला जातो. आकृती पुस्तकाच्या किंवा वहीच्या पानाचे छायाचित्र असेल, तर कारणाला आणखी महत्त्व येते. छायाचित्रात कोनांची मापे बदलू शकतात, त्यामुळे पडद्यावर कोनमापक ठेवून मिळालेले उत्तर भरवशाचे नसते.

## वापरली जाणारी कारणे

अशा आकृत्यांतील बहुतेक पायऱ्या मोजक्या विधानांवर उभ्या असतात. त्यांपैकी काहींना रेषा समांतर असण्याची अट लागते, तर काहींना लागत नाही.

रेषीय जोडीतील कोनांची बेरीज १८०° असते आणि विरुद्ध कोन समान असतात. ही दोन विधाने कोणत्याही दोन छेदणाऱ्या रेषांना लागू पडतात. याउलट संगत कोन समान असणे, व्युत्क्रम कोन समान असणे आणि छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८०° असणे, ही विधाने दोन रेषा समांतर असल्याचे माहीत असेल तरच वापरता येतात.

त्रिकोणासाठी दोन विधाने पुरतात. तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८०° असते आणि बाह्यकोन हा त्याच्या दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो. युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात समांतर रेषांचे गुणधर्म २९व्या प्रमेयात आणि त्रिकोणाची ही दोन्ही विधाने ३२व्या प्रमेयात येतात. ३२वे प्रमेय २९व्यावर आधारलेले आहे.

## सोडवलेले उदाहरण

रेषा l आणि रेषा m समांतर आहेत. रेषा l वर डावीकडून उजवीकडे D, A, E हे बिंदू आहेत. तिच्या खाली असलेल्या रेषा m वर त्याच क्रमाने B, C, F हे बिंदू आहेत. AB आणि AC जोडल्याने त्रिकोण ABC तयार होतो. ∠DAB = ५०° आणि ∠ACF = ११५° दिले आहे. त्रिकोणाचे तिन्ही कोन आणि ∠CAE काढायचे आहेत.

१. ∠ABC = ∠DAB = ५०°. कारण: l ∥ m, छेदिका AB, व्युत्क्रम कोन.

२. ∠ACB = १८०° − ११५° = ६५°. कारण: ∠ACB व ∠ACF हे रेषीय जोडीतील कोन आहेत.

३. ∠BAC = ११५° − ५०° = ६५°. कारण: ∠ACF हा बाह्यकोन असून ∠ABC व ∠BAC हे त्याचे दूरस्थ आंतरकोन आहेत.

४. ∠CAE = ∠ACB = ६५°. कारण: l ∥ m, छेदिका AC, व्युत्क्रम कोन.

पडताळा रेषा l वर घेता येतो. बिंदू A पाशी एका बाजूला असलेल्या तीन कोनांची बेरीज ५०° + ६५° + ६५° = १८०° येते. ∠BAC आणि ∠ACB समान असल्याने त्यांच्या समोरील भुजा BC आणि AB समान आहेत, असेही यातून कळते. त्रिकोण समद्विभुज असल्याचे आकृतीत कोठेही दर्शवलेले नव्हते. ते तर्कातून मिळाले.

## छायाचित्रामुळे होणारा बदल

कॅमेरा पानाच्या बरोबर समोर नसेल, तर पान एका दिशेने आखडल्यासारखे दिसते. वरील आकृतीचे छायाचित्र पुरेशा अंतरावरून, पण कॅमेरा पानाच्या खालच्या कडेकडे ३०° कललेला असताना घेतले आहे असे मानू. अशा वेळी आडवी अंतरे तशीच राहतात, तर उभी अंतरे cos ३०° पटीत, म्हणजे सुमारे ०.८७ पट होतात. छायाचित्रात ∠ABC सुमारे ४६°, ∠ACB सुमारे ६२° आणि ∠BAC सुमारे ७२° दिसतो.

या तिन्ही मापांची बेरीजही १८०° च येते. सरळ रेषा छायाचित्रातही सरळच राहतात, त्यामुळे तेथे दिसणारी आकृतीही त्रिकोणच असते. म्हणून केवळ बेरीज जुळली यावरून मोजलेली मापे बरोबर ठरत नाहीत. खरे तर समान असलेले दोन कोन येथे दहा अंशांनी वेगळे दिसतात. कॅमेरा जवळ असून बाजूला कललेला असेल, तर l आणि m या समांतर रेषाही एका बाजूला जवळ येताना दिसतात.

विकृती ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे छापलेल्या मापाची दिसणाऱ्या कोनाशी तुलना करणे. येथे ∠DAB वर ५०° लिहिलेले असूनही तो सुमारे ४६° दिसतो. पानाचा कोपरा काटकोनात दिसत नसेल, तर तीही तशीच खूण असते. अशा वेळी आकृतीतून फक्त लिहिलेली मापे, समांतरतेचे बाण, काटकोनाची चौकट, समान भुजांवरील रेघा आणि बिंदूंचा क्रम एवढेच घ्यावे लागते.

## नेहमी होणाऱ्या चुका

समांतरता गृहीत धरणे. छायाचित्राची कड कापली गेल्याने बाणाच्या खुणा बाहेर राहू शकतात. वरील उदाहरणात l ∥ m दिले नसते, तर ∠ACB = ६५° एवढाच एक कोन निश्चित झाला असता. ∠ABC आणि ∠BAC यांची बेरीज ११५° आहे हे कळले असते, पण दोन्ही मापे वेगवेगळी काढता आली नसती. रेषा समांतर दिसतात हे कारण होऊ शकत नाही.

दोन छेदिकांची गल्लत. त्रिकोणात AB आणि AC या दोन छेदिका आहेत. ∠DAB हा छेदिका AB मुळे झालेला कोन असून ∠ACB हा AC मुळे झालेला आहे. त्यांना व्युत्क्रम कोन मानले की ∠ACB = ५०° असे चुकीचे उत्तर येते. दुसरी छेदिका झाकून उरलेल्या तीन रेषाच पाहिल्या, तर खरी जोडी दिसते.

प्रमेय आणि त्याचा व्यत्यास यांत गोंधळ. रेषा समांतर असल्याने व्युत्क्रम कोन समान आहेत, हे एक विधान झाले. व्युत्क्रम कोन समान असल्याने रेषा समांतर आहेत, ही कसोटी म्हणजे त्याचा व्यत्यास होय. l ∥ m ऐवजी ∠CAE = ६५° दिले असते, तर प्रथम ∠ACB = ६५° काढून, या कसोटीने l ∥ m सिद्ध करावे लागले असते. त्यानंतरच ∠ABC = ५०° हे प्रमेयाने लिहिता आले असते.

मापाचे स्थान चुकीचे वाचणे. एका शिरोबिंदूपाशी अनेक कोन असतात. ११५° हे माप ∠ACF चे आहे की खालच्या बाजूच्या कोनाचे, हे अंकाजवळच्या कंसावरून ठरवावे लागते. छायाचित्र अस्पष्ट असून कंस दिसत नसेल, तर उत्तर निश्चित होत नाही.

## हेही पाहा
* छेदिका
* त्रिकोण
* युक्लिडीय भूमिती