वचा, वज, वेखंड

घोडपदेवच्या कुठल्याही जुन्या चाळीत बाळंतिणीच्या खोलीत डोकावलं, तर कोपऱ्यात सहाण आणि तिच्याशेजारी कापडी पिशवी दिसायची. पिशवीत मायफळ, जायफळ, बाळहिरडा, मुरुडशेंग, अतिविष, सुंठ, हळकुंड, काकडशिंगी, खारीक, बदाम आणि एक तपकिरी, केसाळ, पेरापेराचं कांडं. गिरणीत राबायला आलेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी ही पिशवी गावाहून आणली. आता चाळीच्या जागी टॉवर आले, पिशवी मात्र प्लॅस्टिकच्या डब्यात आयती मिळते. तिच्यातलं ते केसाळ कांडं म्हणजे वेखंड. त्याच्या नावाचा माग काढायला बसलं की माणूस थेट बाळाच्या जिभेपाशी जाऊन पोहोचतो.

वेखंड हा तुकडा हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. अंगठ्याएवढा जाड, किंचित चपटा. वरच्या अंगाला गळून गेलेल्या पानांच्या आडव्या खुणा, खालच्या अंगाला तुटलेल्या मुळांचे बारीक ठिपके. मोडला की आत पांढुरका, जरासा गुलाबी आणि बोंडासारखा भुसभुशीत. वास असा की डबा उघडला की खोलीभर पसरतो. लोक त्याला मूळ म्हणतात, पण ते मूळ नव्हे, चिखलात आडवं वाढणारं खोड आहे. संस्कृत कोशकारांनी त्याला दिलेली नावं पाहा : उग्रगंधा, षड्ग्रंथा, गोलोमी. पहिलं वासावरून, दुसरं पेरांवरून, तिसरं केसांवरून. ही नावं देणाऱ्यांनी तुकडा नीट हाताळला होता, यात शंका नाही.

पण मुख्य नाव वचा. ते वच् म्हणजे बोलणे या धातूशी जोडलं जातं, आणि आपल्याकडची समजूतही तीच : वेखंड चाटवलं की पोर लवकर आणि स्पष्ट बोलतं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात नवजात बाळाला ऐंद्री, ब्राह्मी, शंखपुष्पी आणि वचा यांचा कल्क मधतुपातून चाटवायला सांगितला आहे, मात्रा वाटाण्याएवढी. म्हणजे बाळाच्या पहिल्या घासात वाचा आणि वचा एकत्र येतात. नावावरून गुण ठरला की गुणावरून नाव पडलं, हे सांगणं कठीण आहे. शब्दांच्या इतिहासात दोन्ही घडतं. माझा कल असा की ‘वाचा’शी असलेलं ध्वनिसाम्य या औषधाला बाळाच्या जिभेवर टिकवून ठेवायला पुष्कळ कारणीभूत झालं असावं.

आता ‘वचा’चं ‘वेखंड’ कसं झालं? प्राकृतात दोन स्वरांमधला च गळून पडतो. सूचीची सुई झाली ती अशीच. वचाची वया झाली. पुढे ‘अय’ आक्रसून ‘ए’ होतो. मेणबत्तीतलं मेण मूळचं मदन, मधे मयण, शेवटी मेण. तसंच वयखंड आणि मग वेखंड. खंड म्हणजे तुकडा. बाजारात ते तुकड्यांनीच यायचं, म्हणून विकण्याचा आकार नावाला चिकटला. मल्याळममध्ये त्याला वयंबू म्हणतात, तिथेही च जाऊन य उरलेला दिसतो. हिंदीत बच, कानडीत बजे, तमिळमध्ये वसंबू. अरबीत वज. आपल्याकडे गुजराती गांध्याच्या दुकानात ‘घोडावज’ मागितलं की हेच हातात पडतं. मला ही व्युत्पत्ती पटते, कारण ती आवाजाच्या नियमांनी चालते आणि शेजारच्या भाषा तिला साक्ष देतात.

तमिळ घरांत याचं आणखी एक नाव आहे, ‘पिळ्ळै वळर्प्पान’, म्हणजे पोर वाढवणारा. शिवाय ‘नाव न घ्यायचं औषध’ असंही म्हणतात. व्हाइटलॉ एन्स्ली या मद्रासच्या डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं आहे की बाळाच्या पोटासाठी वेखंड मागायला कोणी अपरात्री आलं आणि दुकानदाराने दार उघडलं नाही, तर त्याला दंड होई. इतकी त्याची मातब्बरी.

मात्र एक नाव म्हणजे एक वनस्पती, असं इथे नाही, आणि इथूनच काळजी सुरू होते. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने भावप्रकाशात चार वचा सांगितल्या आहेत. आपली नेहमीची वचा. पांढरी पारसीक वचा. महाभरी वचा, म्हणजे कुलिंजन. आणि द्वीपांतर वचा, म्हणजे परदेशातून येणारी चोपचिनी. तेव्हा डब्यावर ‘वचा’ लिहिलेलं असलं, म्हणून आत काय आहे ते सिद्ध होत नाही. आणि खरं वेखंड असलं तरी प्रश्न संपत नाही, कारण खऱ्या वेखंडातही तीन जाती दडलेल्या आहेत. बाहेरून त्या ओळखू येत नाहीत.

फरक गुणसूत्रांत आहे. उत्तर अमेरिका आणि सायबेरियातल्या वेखंडात ती 24, युरोपातल्यात 36, आणि भारतात व पूर्व आशियात आढळणाऱ्या एका जातीत 48. वेखंडाचा वास ज्या तेलात असतो, त्या तेलात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. 24 वाल्या जातीत ते जवळजवळ नसतंच. 36 वालीच्या तेलात ते साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. 48 वालीच्या तेलात ते सत्तर टक्क्यांच्या वर जातं. ‘असारोन’ हे नाव आलं असारम नावाच्या दुसऱ्याच एका युरोपीय वनस्पतीवरून, तिच्यात हे कुळ आधी सापडलं म्हणून. म्हणजे धोकाही परक्या नावाने आपल्या घरात आला.

1967 साली अमेरिकेत उंदरांना दोन वर्षं वेखंडाचं तेल खाद्यातून दिलं. ते तेल जम्मूचं होतं आणि त्यात साधारण तीन चतुर्थांश बीटा-असारोन होतं. उंदरांच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात कर्करोगाच्या गाठी झाल्या. पुढच्याच वर्षी, मे 1968 मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेखंड, त्याचं तेल आणि अर्क खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. युरोपीय संघाने 2008 च्या नियमात 48 वाली जात स्वादासाठी वापरायलाच मनाई केली. यकृतात या द्रव्याचं रूपांतर होऊन पेशींच्या जनुकांना इजा करणारे पदार्थ तयार होतात, असं संशोधन सांगतं. म्हणून ‘इतकं खाल्लं तर काहीच होत नाही’ अशी सुरक्षित पायरी ठरवता येत नाही, असं युरोपच्या वैज्ञानिक समितीचं मत आहे.

आता घोडपदेवच्या सहाणेकडे परत येऊ. गुटीची मात्रा वेढ्यांनी मोजतात. हिरड्याचे दोन वेढे, सुंठीचा एक, वेखंडाचा एक. पण वेढा हे माप हाताच्या जोरावर, सहाणेच्या खरखरीतपणावर आणि तुकडा ओला आहे की कोरडा यावर अवलंबून असतं. सासूबाईंचा एक वेढा आणि सूनबाईंचा एक वेढा सारखा निघत नाही. समजा एका वेढ्यात दहा मिलिग्रॅम वेखंड उतरलं, म्हणजे ग्रॅमचा शंभरावा भाग. आयुर्वेदीय औषधसंहितेच्या निकषाप्रमाणे चांगल्या वेखंडात किमान दोन टक्के तेल असायला हवं. म्हणजे तेल निघालं 0.2 मिलिग्रॅम. त्यातलं तीन चतुर्थांश बीटा-असारोन धरलं तर 0.15 मिलिग्रॅम, म्हणजे 150 मायक्रोग्रॅम. युरोपच्या औषध संस्थेने 2005 मध्ये वनौषधींसाठी तात्पुरती मर्यादा सुचवली, ती दिवसाला शरीराच्या दर किलोमागे साधारण 2 मायक्रोग्रॅम. चार किलोच्या बाळाला म्हणजे 8. आपल्या एका वेढ्यातून त्याच्या जवळपास एकोणीस पट पोटात जातं. आणि गुटी एकदा नाही, महिनोन् महिने रोज दिली जाते. सहाणेवर उगाळलेलं वेखंड म्हणजे काढा नव्हे, जो गाळून घेता येतो. त्याचा कणकण बाळ गिळतं.

उंदीर म्हणजे बाळ नव्हे, हे मान्य. एका चाटणाने कर्करोग होतो असंही कोणी म्हणत नाही. पण तातडीचा धोका वेगळा आहे, आणि तो आपल्याच ग्रंथांनी लिहिलेला आहे. वचा ही वांती करवणारी आहे. आयुर्वेदीय औषधसंहितेत मोठ्या माणसाची मात्रा 60 ते 120 मिलिग्रॅम दिली आहे, आणि 1 ते 2 ग्रॅम मात्रा ओकारी काढण्यासाठी म्हणून वेगळी सांगितली आहे. औषधाची मात्रा आणि ओकारीची मात्रा यांच्यातलं अंतर किती कमी, ते यावरून कळतं. बाळाच्या बाबतीत ते आणखी आकसतं. शिवाय ग्रंथांत वचेची शुद्धी सांगितली आहे : गोमूत्रात, मग वनस्पतींच्या काढ्यांत उकळायचं, शेवटी वाफवायचं. या शुद्धीने असारोन कमी होतं, पूर्ण जात नाही. आणि बाजारातल्या गुटीच्या डब्यातलं वेखंड शुद्ध केलेलं आहे की नाही, हे त्यावर लिहिलेलं नसतं. मधातून देणं तर वर्षाच्या आतल्या बाळासाठी स्वतंत्रपणे धोक्याचं, कारण मधातल्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो.

मराठीत बाळकडू हा शब्द आता विचारांसाठी वापरतो : देशभक्तीचं बाळकडू, वाचनाचं बाळकडू. मूळ बाळकडू म्हणजे खरोखरच बाळाला पाजलेलं कडू. लक्षणेने शब्द मोठा झाला, म्हणून मूळ कृतीही बिनशर्त चांगली, असं आपण धरून चाललो. शब्दाचा मान ठेवावा. वेखंडाच्या तुकड्याला तो लागू करायचं कारण नाही.

वेखंडाचे इतर उपयोग मात्र मला जपावेसे वाटतात. पोथ्यांच्या कपाटात, लोकरी कपड्यांच्या ट्रंकेत त्याची पुरचुंडी ठेवली की किडे फिरकत नाहीत. तिथे त्याची उग्रगंधा ही पदवी सार्थ होते. बाळाच्या टाळूला किंवा अंगाला कोरडी पावडर लावायची सवय असेल तर ती सोडलेली बरी, कारण ती नाकातोंडात जाते. धुरीसुद्धा बाळाच्या खोलीत नको.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी वाद घालू नका. “आजी, गुटीत सगळं राहू दे, फक्त वेखंड काढून ठेवू,” एवढं म्हटलं तरी काम होतं, असा माझा अनुभव आहे. खरं तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला पहिले सहा महिने फक्त आईच्या दुधाचाच आहे, पण निदान वेखंड तरी आजच पिशवीतून बाहेर काढा. आणि आधीच दिलं असेल, बाळ पुन:पुन्हा ओकत असेल, मलूल पडलं असेल, दूध ओढत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर लगेच जवळच्या इस्पितळात न्या. जाताना तो तुकडा आणि डबा सोबत घ्या, म्हणजे काय पोटात गेलं हे डॉक्टरांना दाखवता येईल.