धर्म

संस्कृत ‘धृ’ (धारण करणे) या धातूपासून बनलेली संज्ञा. ऋग्वेदात ‘धर्मन्’ हे नपुंसकलिंगी रूप आढळते. तेथे रोख श्रद्धेवर नसून टेकू, आधार, घालून दिलेला नियम यांवर आहे. पुढे स्मृतिग्रंथांत वर्ण, आश्रम व प्रसंग यांनुसार ठरणारे आचरण, वारसा व कर्जफेडीचे नियमही धर्मात आले. म्हणून राजधर्माला ‘रिलिजन’ म्हणता येत नाही, ‘ड्यूटी’त कायदा निसटतो, ‘लॉ’मध्ये पुण्य मावत नाही. दाहकता हा अग्नीचा धर्म, येथे तर हे तिन्ही शब्द निरुपयोगी ठरतात. बौद्ध परंपरेत धम्म म्हणजे बुद्धाची शिकवण आणि अनुभवाचे सूक्ष्म घटकही.

भाषांतराची ही अडचण इंग्रजीच्या फार आधीची आहे. अफगाणिस्तानातील कंदाहारजवळ 1958 मध्ये सम्राट अशोकाचा इ. स. पू. तिसऱ्या शतकातील द्विभाषी शिलालेख उजेडात आला. त्यात धम्मासाठी ग्रीक मजकुरात ‘युसेबेइया’ (देव, आईवडील व वडीलधारे यांच्याविषयीचा आदरभाव) हा शब्द योजला आहे, तर त्याच खडकावरील अरामी मजकुरात ‘सत्य’ अशा अर्थाचा शब्द. दोन्ही निवडी समंजस, पण एकमेकींच्या जागी चालणाऱ्या नाहीत.

‘रिलिजन’चा प्रतिशब्द म्हणून ‘धर्म’ वसाहतकाळात रूढ झाला, आणि हिंदू धर्म, ख्रिस्ती धर्म असे वर्गीकरण स्वाभाविक वाटू लागले. मराठीत मात्र शेजारधर्म, गुणधर्म, धर्मशाळा या शब्दांत जुने अर्थ टिकून आहेत. पां. वा. काणे यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या (1930–62) शीर्षकात ‘धर्मशास्त्र’ हा शब्द तसाच ठेवला.